मॅट्रिक्सची तिसरी ओळ

त्रिमित चित्रं दाखवणारा एखादा प्रोग्रॅम ओपनजीएलवर वर्षानुवर्षं नीट चाललेला असतो. मग तो वल्कनवर न्यायचं ठरतं आणि पहिल्याच दिवशी पडद्यावर सगळं उलटं दिसतं: जमीन वर, आभाळ खाली. थोडी शोधाशोध केली की एका ओळीचा उपाय सापडतो, प्रोजेक्शन मॅट्रिक्समधल्या एका आकड्याचं चिन्ह बदलायचं. चिन्ह बदललं, चित्र सुलटं झालं, आणि बरेच जण तिथंच थांबतात. पण त्याच मॅट्रिक्समध्ये आणखी एक तफावत शिल्लक असते. ती डोळ्यांना सहजी दिसत नाही, म्हणूनच ती जास्त दिवस टिकते. ती नेमकी कुठं आहे हे कळायचं तर मॅट्रिक्स एकदा स्वतः मांडून पाहावं लागतं. त्यासाठी दहावीतले समरूप त्रिकोण आणि दोन चलांतली रेषीय समीकरणं एवढी शिदोरी पुरते.

ओपनजीएल 1992 साली सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकी कंपनीनं आणलं. वल्कन 2016 च्या फेब्रुवारीत ख्रोनोस ग्रुपनं प्रसिद्ध केलं; आज ओपनजीएलचा सांभाळही याच ग्रुपकडे आहे. दोन्हींचं काम एकच: प्रोग्रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांनी एकमेकांशी कसं बोलायचं ते ठरवणं. बिंदू कुठल्या स्वरूपात हाती द्यायचे, हा त्या बोलण्यातला एक भाग. मतभेद तिथंच आहे.

कॅमेरा मूळबिंदूपाशी ठेवू. x उजवीकडे, y वर, आणि कॅमेऱ्याची नजर ऋण z च्या दिशेला. ओपनजीएलमध्ये रुळलेली रीत हीच, आणि वल्कनवर काम करणारेही पुष्कळदा तीच पाळतात. म्हणजे समोर 10 मीटरवर असलेल्या बिंदूचा z हा -10. हे वजा चिन्ह सारखं मध्ये येतं, म्हणून समोरच्या अंतराला आपण d म्हणू, d = -z.

इटलीतल्या लिओन बात्तिस्ता आल्बेर्तीनं 1435 साली चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. चित्राची चौकट म्हणजे जणू एक उघडी खिडकी, ही त्यातली कल्पना आजही आपल्या कामाची आहे. कॅमेऱ्यापुढे 1 एकक अंतरावर अशी खिडकी धरा. दूरच्या बिंदूपासून कॅमेऱ्याकडे सरळ रेष काढली तर ती खिडकीला कुठं भेदेल? मोठा त्रिकोण कॅमेऱ्यापासून त्या बिंदूपर्यंतचा, लहान त्रिकोण कॅमेऱ्यापासून खिडकीपर्यंतचा, आणि दोन्ही समरूप. म्हणून खिडकीवरची उंची येते y/d. वस्तू दुप्पट लांब गेली की निम्मी दिसते, ती याच भागाकारामुळे.

खिडकी किती मोठी घ्यायची ते कॅमेऱ्याच्या दृष्टिकोनावर ठरतं. उभा कोन θ असेल तर खिडकीची वरची कड tan(θ/2) इतक्या उंचीवर येते. ती कड कायम 1 वर यावी म्हणून y ला s = 1/tan(θ/2) या संख्येनं गुणायचं. कोन 90 अंशांचा असेल तर s बरोबर 1. 60 अंशांचा असेल तर सुमारे 1.732. पडदा आडवा जास्त रुंद असतो, म्हणून x ला शिवाय रुंदी आणि उंचीच्या गुणोत्तरानं भागायचं. मॅट्रिक्सच्या पहिल्या दोन ओळी एवढ्यात झाल्या.

अडचण पुढं आहे. मॅट्रिक्सला ठरावीक संख्यांनी गुणणं आणि बेरीज करणं जमतं. बिंदूच्याच एखाद्या निर्देशकानं भागणं जमत नाही. आणि आपल्याला तर d नं भागायचंय. यावरची युक्ती म्हणजे बिंदूला चौथा निर्देशक देणं, त्याला w म्हणतात. मॅट्रिक्सनं स्वतः भागायचं नाही, भाजक तेवढा w मध्ये लिहून ठेवायचा. प्रत्यक्ष भागाकार नंतर ग्राफिक्स कार्ड करतं, x, y, z या तिघांचा. आपला भाजक d, म्हणजे -z. म्हणून चौथी ओळ येते 0, 0, -1, 0. असे चार आकडी निर्देशक गणितात एकोणिसाव्या शतकापासून होते. लॉरेन्स रॉबर्ट्सनं एमआयटीतल्या आपल्या 1963 च्या प्रबंधात ते संगणकावरच्या यथार्थदर्शनासाठी वापरले.

मॅट्रिक्स लावून झालं पण भागाकार अजून व्हायचाय, या मधल्या टप्प्याला क्लिप स्पेस म्हणतात. इथं थांबायचं कारण फार सुंदर आहे. कॅमेऱ्याच्या मागे 5 मीटरवर, 2 मीटर उंचीवर एक बिंदू आहे असं समजा. त्याचा d झाला -5. आंधळेपणानं भागलं तर उंची येते -0.4, म्हणजे पाठीमागची वस्तू समोरच्या चित्रात, तीही उलटी होऊन उगवते. बिंदू कॅमेऱ्याच्या अगदी रेषेत असेल तर शून्यानं भागायची पाळी. म्हणून छाटणी भागाकाराच्या आधीच करतात. नियम असा, की x आणि y दोन्ही -w पासून +w पर्यंतच असले पाहिजेत. मागच्या बिंदूचा w आहे -5, तेव्हा x ला 5 पेक्षा मोठं आणि -5 पेक्षा लहान एकाच वेळी व्हावं लागेल. ते शक्यच नाही. बिंदू आपोआप बाहेर पडतो. अर्धा पुढे आणि अर्धा मागे असलेला त्रिकोण सीमेवर कापला जातो, आणि उरलेल्या भागालाच भागाकार लागतो.

आता उरली तिसरी ओळ, म्हणजे खोली. कुठली वस्तू पुढे आणि कुठली मागे हे ठरवायला प्रत्येक बिंदूची खोली लागते, पण खिडकीवर ती कुठं दिसत नाही. तेव्हा ती कशी साठवायची हे भूमिती सांगत नाही, ते माणसांनी ठरवायचं असतं. x आणि y चा खोलीशी संबंध नको, म्हणून तिसऱ्या ओळीत दोनच अज्ञात राहतात, A आणि B. मॅट्रिक्समधून Az + B बाहेर पडतं, आणि d नं भागल्यावर खोली येते:

```
खोली = (A·z + B) / d = -A + B/d
```

B शून्य ठेवला तर प्रत्येक बिंदूची खोली सारखीच येईल, म्हणून B हवाच. खोली सरळ अंतराच्या प्रमाणात का ठेवत नाहीत, असं कुणी विचारेल. -A + B/d या रूपाचा गुण असा, की भागाकारानंतरही सपाट पृष्ठभाग सपाटच राहतो, त्यामुळे त्रिकोणाच्या आतल्या प्रत्येक ठिपक्याची खोली कार्डाला पडद्यावर सरळ प्रमाणानं काढता येते.

दोन अज्ञात शोधायला दोन अटी लागतात. जवळची सीमा n आणि दूरची सीमा f. त्यांच्या अलीकडचं आणि पलीकडचं काही दाखवायचं नाही. ओपनजीएलची अट अशी, की n वर खोली -1 यावी आणि f वर +1. वल्कनची अशी, की n वर 0 यावी आणि f वर 1. समीकरणं सोडवली की येतं:

```
OpenGL:  A = (f+n)/(n-f)    B = 2fn/(n-f)
Vulkan:  A = f/(n-f)        B = fn/(n-f)
```

एक बिंदू शेवटपर्यंत नेऊन पाहू. कोन 90 अंश, पडदा 1920 गुणिले 1080, n = 1 मीटर, f = 100 मीटर. बिंदू कॅमेऱ्याच्या उजवीकडे 3 मीटर, वर 2 मीटर, समोर 10 मीटर. पहिल्या दोन ओळींतून x = 3 ÷ 1.778 = 1.6875 आणि y = 2; चौथीतून w = 10. इथपर्यंत दोन्हीकडे सारखंच. तिसऱ्या ओळीतून ओपनजीएलमध्ये z येतो 8.18 आणि वल्कनमध्ये 9.09. भागाकारानंतर x झाला 0.169, y झाला 0.2, आणि खोली ओपनजीएलमध्ये 0.818, वल्कनमध्ये 0.909.

मजा पुढच्या पायरीत आहे. खोलीच्या साठ्यात, ज्याला डेप्थ बफर म्हणतात, आकडे 0 ते 1 यांमध्येच ठेवायचे असतात. म्हणून ओपनजीएल आपल्या 0.818 मध्ये 1 मिळवून त्याला 2 नं भागतं. उत्तर येतं 0.909. वल्कन तोच आकडा आहे तसा साठवतं. शेवटी साठ्यात पडणारी संख्या दोन्हीकडे एकच! ओपनजीएल जी बेरीज आणि निमपट मागाहून करतं, ती वल्कननं आधीच तुमच्या मॅट्रिक्सवर सोपवलेली आहे. तफावत आहे ती हे काम कुणी करायचं याची.

y चा प्रश्न याहून साधा. ओपनजीएल पडद्याचा शून्य खाली डावीकडे धरतं आणि वर मोजतं. वल्कन वर डावीकडे धरतं आणि खाली मोजतं. आपल्या बिंदूचा y आहे 0.2, म्हणजे 1080 पैकी 648 वी रांग. ओपनजीएलमध्ये ती तळापासून 648 वी, म्हणून बिंदू मध्यरेषेच्या वर दिसतो. वल्कनमध्ये ती माथ्यापासून 648 वी, म्हणून तो मध्यरेषेच्या खाली जातो. दुसऱ्या ओळीतल्या s चं चिन्ह बदललं की y होतो -0.2, आणि बिंदू माथ्यापासून 432 व्या रांगेवर येतो, म्हणजे पुन्हा जागच्या जागी.

इथं एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. वल्कनमधलं उलटं चित्र फिरवलेलं नसतं, आरशातल्यासारखं पालटलेलं असतं. म्हणून कॅमेरा कितीही गोल फिरवला तरी ते सुलटं होत नाही. पालटलं की त्रिकोणाच्या कोपऱ्यांचा फेराही उलटा होतो, आणि घड्याळाच्या विरुद्ध दिशेचा त्रिकोण घड्याळाच्या दिशेचा बनतो. त्रिकोणाची दर्शनी बाजू कोणती हे कार्ड याच फेऱ्यावरून ओळखतं आणि पाठमोरे त्रिकोण गाळून टाकतं. त्यामुळे चित्र उलटं तर दिसतंच, वर वस्तूंची बाहेरची कातडी गळून आतली बाजू दिसू लागते. अशा वेळी काही जण दर्शनी बाजूची खूण बदलतात, मग y चं चिन्ह बदलतात, आणि पुन्हा सगळं पोकळ दिसायला लागतं. माझं मत स्पष्ट आहे: आधी y सुलटा करा आणि फेऱ्याची खूण ओपनजीएलमध्ये होती तीच, घड्याळाच्या विरुद्ध, ठेवा. चित्र सरळ असेल तर तीच बरोबर असते.

चिन्ह मॅट्रिक्समध्ये बदलायचं नसेल तर वल्कनमध्ये व्ह्यूपोर्टची उंची ऋण देता येते, 1.1 आवृत्तीपासून ही सोय मूळ वल्कनमध्येच आहे. त्यासाठी व्ह्यूपोर्टचा y पडद्याच्या उंचीइतका द्यायचा. दोन्ही उपाय एकदम केले तर चित्र परत उलटं होतं, हे वेगळं सांगायला नको.

आता सुरुवातीला म्हटलेली लपून राहणारी चूक. समजा तुम्ही y सुलटा केलात, पण तिसरी ओळ ओपनजीएलचीच राहू दिलीत. चित्र जवळजवळ अचूक येतं. x, y आणि w बरोबर आहेत, आणि खोलीचा क्रमही बरोबर आहे, जवळचं जवळ आणि दूरचं दूर. फक्त ओपनजीएलच्या मॅट्रिक्समधून निघणाऱ्या -1 ते 0 या खोल्या वल्कनच्या नियमात बसत नाहीत. त्याची अट आहे की z शून्यापेक्षा कमी नसावा. तेवढा भाग छाटला जातो. किती भाग? खोली शून्य कुठं होते ते काढलं की कळतं:

```
d = 2fn/(f+n)
```

आपल्या आकड्यांनी हे येतं 200 ÷ 101, म्हणजे 1.98 मीटर. जवळची सीमा 1 मीटरवर ठेवली होती, ती मुकाट्यानं जवळपास दुप्पट झाली. n जर 0.1 मीटर असेल तर ती सरकते 0.2 मीटरवर. मोकळ्या मैदानातल्या दृश्यात कॅमेऱ्यापुढच्या 10 ते 20 सेंटीमीटरमध्ये काही नसतंच, मग चूक दिसणार कशी? ती दिसते खेळाडू भिंतीला चिकटून उभा राहिला की, किंवा हातातल्या हत्याराची मूठ अर्धी कापलेली दिसली की. लोक मग n आणखी कमी करतात. त्यानं लक्षण जातं, पण दुखणं वाढतं. ते कसं, हे पुढं येईलच.

समांतर प्रक्षेपणात मात्र ही चूक लपत नाही. तिथं d नं भागाकार नसतो, खोली अंतराच्या सरळ प्रमाणात असते, त्यामुळे -1 ते 0 म्हणजे दृश्याची जवळची अर्धी खोली. सूर्याच्या सावल्या काढताना हेच प्रक्षेपण वापरतात. मुख्य चित्र ठीक दिसतंय आणि सूर्याच्या बाजूच्या निम्म्या वस्तूंची सावलीच पडत नाही, असं झालं तर सावल्यांचा कोड तपासत बसण्याआधी तिसरी ओळ तपासावी.

उलट दिशेची चूक, म्हणजे वल्कनचं मॅट्रिक्स ओपनजीएलला देणं, आणखी गुपचूप असते. तिथं काही कापलं जात नाही, उलट जवळची सीमा 1 मीटरवरून सुमारे अर्ध्या मीटरवर येते. पण 1 ते 100 मीटरमधल्या वस्तूंच्या खोल्या साठ्याच्या 0.5 ते 1 या अर्ध्या पट्ट्यातच दाटीवाटीनं बसतात, आणि उरलेला अर्धा पट्टा जवळपास वाया जातो.

दाटीवाटीचं हे प्रकरण मूळच्या 1/d मुळेच आहे. आपल्या उदाहरणात समोरच्या 2 मीटरपर्यंतच खोली 0.505 ला पोचते. उरलेल्या 98 मीटरना निम्म्याहून कमी जागा. साठा 24 बिटांचा असेल तर d अंतरावर ओळखता येणारा सर्वांत लहान फरक साधारण d² ÷ (n × 2²⁴) इतका असतो. n = 0.1 मीटर धरून 1 किलोमीटरवर हिशोब केला तर तो येतो सुमारे 60 सेंटीमीटर. म्हणजे तितक्या लांबच्या भिंतीवर अर्धा फूट पुढं आलेला फलक आणि ती भिंत यांतलं पुढं कोण हे कार्डाला ठरवता येत नाही, आणि कॅमेरा हलला की दोन्ही एकमेकांतून लुकलुकतात. n दहापट वाढवून 1 मीटर केला तर फरक 6 सेंटीमीटरवर येतो. f कमी करून असा फायदा फारसा होत नाही. म्हणूनच, कापलेली मूठ परत आणण्यासाठी n कमी करणं महागात पडतं.

वल्कनच्या 0 ते 1 या पट्ट्याचा खरा फायदा इथं कळतो. 32 बिटांच्या दशांश संख्या शून्याच्या आसपास अतिशय दाट असतात आणि 1 कडे विरळ होत जातात. मग पट्टा उलटा लावायचा: n वर 1 आणि दूरवर 0. दूर जाताना 1/d मुळे होणारी गर्दी आणि शून्याजवळची संख्यांची दाटी एकमेकींना जवळपास फेडून टाकतात. f अनंतावर नेला तर तिसरी ओळ 0, 0, 0, n इतकी साधी होते आणि खोली होते n/d. कागदावरच्या हिशोबानं 1 किलोमीटरवरचा तोच 60 सेंटीमीटरचा फरक मिलिमीटरच्याही आत येतो. सोबत खोलीची तुलना 'लहान ते पुढे' ऐवजी 'मोठं ते पुढे' अशी करावी लागते, आणि दर फ्रेमच्या सुरुवातीला साठा 1 ऐवजी 0 नं भरावा लागतो. यातलं एक जरी विसरलं तरी पडदा रिकामा दिसतो.

जुन्या ओपनजीएलमध्ये ही युक्ती चालत नव्हती. तिथं शेवटी 1 मिळवून निमपट करायची पायरी आहे, आणि त्या बेरजेत शून्याजवळची सगळी बारीक दाटी पुसली जाते. 2014 मध्ये आलेल्या ओपनजीएल 4.5 नं `glClipControl` ही आज्ञा देऊन त्यावर उपाय केला. तिला `GL_ZERO_TO_ONE` सांगितलं की ओपनजीएलही वल्कनसारखा 0 ते 1 पट्टा घेतं.

सी++ मधली जीएलएम ही लायब्ररी मॅट्रिक्स बनवण्यासाठी सर्रास वापरतात. तिचा मूळ स्वभाव ओपनजीएलचा आहे, म्हणून तिला दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात:

```cpp
#define GLM_FORCE_DEPTH_ZERO_TO_ONE
#include <glm/gtc/matrix_transform.hpp>

glm::mat4 P = glm::perspective(
    glm::radians(90.0f), 16.0f / 9.0f, 1.0f, 100.0f);
P[1][1] *= -1.0f;
```

पहिली ओळ तिसऱ्या ओळीचा प्रश्न मिटवते, शेवटची y चा. पहिली ओळ जीएलएम जोडण्याच्या आधी आणि जीएलएम वापरणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये लागू व्हायला हवी, म्हणून ती प्रकल्पाच्या बिल्ड सेटिंगमध्येच लिहिलेली बरी. नाहीतर कॅमेरा एका नियमानं आणि सावल्या दुसऱ्या नियमानं चालतात.

ज्यांना जुनं मॅट्रिक्स हात न लावता ठेवायचंय, त्यांच्यासाठी दोन्ही दुरुस्त्या एकाच मॅट्रिक्समध्ये बसतात. ते डावीकडून गुणायचं:

```
1   0   0    0
0  -1   0    0
0   0  0.5  0.5
0   0   0    1
```

तिसरी ओळ सांगते, नवा z म्हणजे जुना z आणि w यांच्या बेरजेचा निम्मा. आपल्या बिंदूवर लावून पाहा: 8.18 अधिक 10, भागिले 2, उत्तर 9.09.

तुमच्याकडे ओपनजीएलवरून वल्कनवर आणलेला प्रोग्रॅम असेल, तर आज एवढं कराच. n तात्पुरता 1 मीटर ठेवा आणि कॅमेऱ्यापुढे दीड मीटरवर एक घन ठेवा, त्याची दर्शनी बाजू सव्वा मीटरवर येईल असा. तो अखंड दिसला तर तुमची तिसरी ओळ बरोबर आहे. तो सगळाच गायब झाला, तर ती अजून ओपनजीएलचीच आहे.